रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असताना फ्लूची लस: स्नायूत की कातडीखाली?

रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असली की दरवर्षी फ्लूच्या लशीच्या वेळी एक प्रश्न उभा राहतो. सुई दंडाच्या स्नायूत खोल घ्यायची, की कातडीखाली वरवर? हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे माझी असेनोकुमारोल चालू आहे आणि मी दोन्ही पद्धती घेऊन पाहिल्या आहेत. फ्लूच्या काही लशींच्या माहितीपत्रकात दोन्ही मार्गांना परवानगी असते, त्यामुळे हा पर्याय खरोखर समोर येतो.

पहिल्या वर्षी स्नायूत घेतली. सुई काढल्याबरोबर तिथल्या माणसाने सवयीने कापसाने दंड खसाखसा चोळला. संध्याकाळी रुपयाएवढा निळा डाग होता आणि तिसऱ्या दिवशी तो पिवळा-जांभळा होत कोपरापर्यंत उतरला. फार दुखत नव्हते, पण बघून घरातली सगळी घाबरली.

म्हणून पुढच्या वर्षी मीच कातडीखाली मागितली. डाग जवळपास पडलाच नाही, हे कबूल करायला हवे. ज्यांना निळ्या डागाचीच धास्ती आहे, त्यांना ही पद्धत बरी वाटेल. पण दुसऱ्या दिवशी तिथे लिंबाएवढी लाल, गरम गाठ आली आणि तिला अशी खाज सुटली की सहा रात्री मला त्या कुशीवर झोपता आले नाही. सदऱ्याची बाही घासली तरी चुणचुणायचे. निळ्या डागाला खाज नसते, तो आपला आपण जिरतो. माझ्यापुरता निकाल त्या गाठीनेच लावला.

हा माझ्या एकट्याच्या दंडाचा अनुभव आहे, तुमचा वेगळा असू शकतो. तरी स्पेनमध्ये अशा गोळ्या घेणाऱ्यांवर याच दोन पद्धतींची तुलना झाली होती आणि ती 2008 साली प्रसिद्ध झाली. तिच्यातही स्नायूत दिल्याने रक्तस्राव वाढलेला दिसला नाही, उलट कातडीवरचा त्रास कातडीखालच्या सुईनेच जास्त झाला.

तिसऱ्या वर्षी विश्रामबागेतल्या आमच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीतला आकडा, विचारला. माझा 2 ते 3 मध्ये असावा लागतो आणि त्याच आठवड्यात तो 2.4 आला होता. तीनच्या वर असता तर आकडा खाली येईपर्यंत थांबलो असतो, असे ते म्हणाले. गोळी मात्र एकही चुकवायची नाही, कारण दंडावरच्या डागापेक्षा मेंदूत गुठळी जाणे कितीतरी वाईट. अपिक्साबॅनसारख्या गोळीला आयएनआर बघत नाहीत. तिथे पुढचा डोस घेण्याच्या थोडे आधी लस घेतली तर सोयीचे पडते, पण तेही डॉक्टरांशी बोलूनच.

मग सुई. गेजचा आकडा जितका मोठा, तितकी सुई बारीक. 23 किंवा त्याहून बारीक चालते. मला 25 ची लावली, जिचे बूड नारिंगी असते. मात्र ती एक इंच लांब आहे ना, तेवढे बघून घ्या. याच गेजची आखूड सुईही मिळते आणि भरल्या अंगाच्या माणसाच्या दंडात ती चरबीतच राहू शकते.

सुई निघाल्यावर डॉक्टरांनी कापूस माझ्याच बोटांखाली दिला. “दाबून धरा, चोळायचं नाही. मधे उचलून बघायचंही नाही,” एवढेच म्हणाले. सुईच्या वाटेत रक्ताची बारीक गुठळी बसून ती वाट बंद होत असते. चोळले की ती निसटते आणि रक्त आजूबाजूला पसरते. किमान दोन मिनिटे सांगतात, मी भिंतीवरच्या घड्याळावर पाच धरली. घरी आल्यावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे लावला आणि त्या दिवशी त्या हाताने हळदीचे पोते उचलले नाही. दंड ठणकला तेव्हा एक पॅरासिटामॉल घेतली. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो, म्हणून त्या टाळल्या. डाग पडला तो मेथीच्या दाण्याएवढा, चार दिवसांत गेला.

तेव्हापासून मी स्नायूतच घेतो. धनुर्वाताच्या किंवा हिपॅटायटिस बी च्या लशीला तर कातडीखालचा पर्याय मागूही नये. त्यांत ॲल्युमिनियमचे क्षार असतात आणि वरवर दिल्या तर गाठी धरतात.

निळेपणा खाली उतरत गेला तर काळजी नको. पण दंड टणक होत फुगत चालला, दुखणे तासागणिक वाढले किंवा बोटांना मुंग्या येऊन ती बधिर झाली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा आणि कोणती गोळी चालू आहे हे दारातच सांगा.