इंग्रजी निबंधातले डू, गेट, मेक: नामातून क्रियापद काढावं की नवं शोधावं?

दांडीयात्रेवरच्या इंग्रजी निबंधातली ही वाक्यं पाहा: ‘गांधीजी मेड अ डिसिजन टू ब्रेक द सॉल्ट लॉ. ही डिड अ मार्च टू दांडी अँड गॉट सॉल्ट फ्रॉम द शोअर.’ यातली ‘मेड’, ‘डिड’, ‘गॉट’ ही क्रियापदं मोघम आहेत, नेमकं काय केलं ते सांगत नाहीत. ती बदलायचे दोन मार्ग आहेत.

पहिल्यात शेजारच्या नामातच दडलेलं क्रियापद बाहेर काढायचं. ‘मेड अ डिसिजन’चं ‘डिसाइडेड’, ‘डिड अ मार्च’चं ‘मार्च्ड’. शब्दकोश लागत नाही आणि अर्थही हलत नाही, म्हणून मी मुलांना आधी हाच शिकवते.

‘गॉट सॉल्ट’पाशी मात्र तो अडतो, कारण ‘सॉल्ट’मध्ये हवी ती क्रिया नाही. इथे दुसरा मार्ग: नेमकं काय घडलं ते आठवायचं. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी खारट मातीचा गोळा उचलला. म्हणून ‘पिक्ड अप’. हा मार्ग जास्त देतो, पण माहिती कच्ची असेल तर फसवतोही. समानार्थी शब्दांच्या यादीतून ‘ऑब्टेन्ड’ उचललं की वाक्य भारदस्त होतं, चित्र मात्र तेवढंच धूसर राहतं. ‘पीपल गॉट अरेस्टेड’मध्ये अटक कोणी केली तेच गायब आहे, ‘द पोलीस अरेस्टेड पीपल’ लिहिलं की कर्ता समोर येतो.

आणि लोकांनी समुद्राचं पाणी उकळून मीठ तयार केलं, तिथे ‘मेड सॉल्ट’च बरोबर. त्याला हात लावू नका.