एसआयपी समजावणारं मासिक कॅरोसेल: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

मी अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हिशेब विभागात काम करते. पगार झाला की कँटीनमध्ये एसआयपीचा, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम भरण्याचा, विषय हमखास निघतो. कोणीतरी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडतं, परताव्याच्या रकान्यात बारा किंवा पंधरा टक्के टाकतं आणि वीस वर्षांनंतरचा भलामोठा आकडा सगळ्यांना दाखवतं. ते बारा टक्के कुठून आले, हे कोणी विचारत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुमारास नाशिकच्याच एका म्युच्युअल फंड वितरकांचं मासिक कॅरोसेल माझ्याकडे आलं. महिन्याच्या सुरुवातीला दहा पानं येतात, बोटाने सरकवत वाचायची, आणि एका अंकात एकच मुद्दा असतो. परताव्याचा आकडा कुठेच नाही. शेवटच्या पानावर त्यांचा एआरएन, म्हणजे वितरक म्हणून नोंदणीचा क्रमांक, आणि ‘तुम्ही आमच्यामार्फत गुंतवणूक केलीत तर आम्हाला कमिशन मिळतं’ हे वाक्य, तेही वाचता येईल अशा अक्षरांत. तेव्हापासूनचे सगळे अंक मी वाचलेत आणि कारखान्यातल्या लोकांशी बोलताना वापरलेत.

पहिल्याच अंकाने एक मोठा गैरसमज दूर केला. आमच्याकडे निम्मे लोक एसआयपीला बँकेच्या आवर्ती ठेवीसारखी एखादी योजना समजतात. ‘एसआयपीत किती टक्के मिळतात?’ हा प्रश्न त्यातूनच येतो. कॅरोसेलमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: एसआयपी ही फक्त पैसे भरायची पद्धत आहे, जोखीम ठरते ती पैसे कोणत्या फंडात जातात त्यावर. खाली रिस्कोमीटरचं चित्र, कमीपासून अतिशय जास्तपर्यंत सहा पायऱ्यांचं. शेअर बाजारातल्या फंडाचा काटा बहुधा शेवटच्या पायरीवर असतो, आणि पैसे एकरकमी भरा नाहीतर महिन्याला पाचशे भरा, तो काटा जागचा हलत नाही. हे पान मी आमच्या गटावर टाकलं, तेव्हा दोघा-तिघांनी आपापल्या फंडाचा काटा त्याच दिवशी शोधून पाहिला.

सरासरीचा अंक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते. त्यांनी चार महिन्यांचं उदाहरण घेतलं होतं. दरमहा २,००० रुपये. फंडाच्या एका युनिटचा भाव, म्हणजे एनएव्ही, पहिल्या महिन्यात ५०, मग ४०, मग ३२ आणि चौथ्या महिन्यात पुन्हा ४०. युनिट मिळाले अनुक्रमे ४०, ५०, साडेबासष्ट आणि ५०, एकूण २०२.५. भरलेले ८,००० रुपये भागिले २०२.५, म्हणजे एक युनिट सरासरी साडेएकोणचाळीस रुपयांना पडलं. चौथ्या महिन्याच्या ४० च्या भावाने किंमत ८,१०० रुपये. भाव ५० वरून ४० वर आलेला असूनही शंभर रुपये वर. समजावायला त्यांनी कांदा घेतला होता: दर महिन्याला ठरावीक पैशांचा कांदा घ्या, स्वस्त असेल तेव्हा जास्त किलो येतील.

रविवारी हे पान मी निफाडला सासऱ्यांना दाखवलं. त्यांचा जन्म लासलगावच्या लिलावात ट्रॅक्टर उभे करण्यात गेलाय. ते म्हणाले, “सूनबाई, हा घेणाऱ्याचा हिशेब झाला. विकायच्या दिवशी काय भाव निघाला ते कुठंय?”

मी म्हटलं, “अण्णा, या पानावर तेवढंच आहे.”

“मग अर्धाच हिशेब आहे. उन्हाळ कांदा चाळीत किती स्वस्तात पडला याला कोण विचारतं? ज्या दिवशी गाडी मार्केटला लावली, त्या दिवशीचा भाव आपला.”

हा प्रश्न मी जसाच्या तसा कॅरोसेलवाल्यांना लिहून पाठवला. बहुतेक असाच प्रश्न आणखी लोकांनीही विचारला असावा, कारण पुढचा अख्खा अंक विक्रीच्या बाजूवर होता. तेच २०२.५ युनिट घेऊन त्यांनी विचारलं होतं: पैसे लागले त्या दिवशी एनएव्ही ३० असेल तर? हातात ६,०७५ रुपये. ८,००० भरून १,९२५ रुपयांचा तोटा, आणि हप्ता एकही चुकलेला नाही. सरासरीने खरेदीचा भाव खाली आणला हे खरं, पण विक्रीच्या दिवशीचा भाव त्या सरासरीच्याही खाली असेल तर ती काही वाचवत नाही.

त्याच अंकात उलटी बाजूही होती, जी एसआयपीची भलामण करणारे सहसा दाखवत नाहीत. भाव ४०, ५०, ५० आणि साडेबासष्ट असा चढत गेला तर चार हप्त्यांत १६२ युनिट येतात, किंमत १०,१२५. तेच ८,००० पहिल्याच दिवशी भरले असते तर २०० युनिट आले असते आणि किंमत झाली असती १२,५००. चढत्या बाजारात हप्ते मागे पडतात. अर्थात पगारदाराकडे पहिल्या दिवशी ८,००० मोकळे नसतातच, म्हणून तो हप्त्याने भरतो. एसआयपीचं खरं कारण एवढंच आहे, असं त्यांनी लिहिलं होतं आणि ते मला पटलं.

त्यानंतरच्या अंकाने मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं. दहा वर्षं २,००० भरले की २,४०,००० होतात. त्यांनी वाढही धरली नाही, घटही नाही, किंमत तेवढीच मानली. आता बाजार ३८ टक्के पडला तर उरतात १,४८,८००. त्या महिन्याचा नवा हप्ता २,००० चा, तो स्वस्तात पडेल, पण साचलेल्या २,४०,००० च्या मानाने तो एक टक्क्याहूनही कमी. सुरुवातीच्या वर्षांत सरासरीचा परिणाम जाणवतो, जुन्या एसआयपीत जवळजवळ सगळी रक्कम बाजाराबरोबरच वरखाली होते. म्हणजे जोखीम रुपयांत मोजली तर ती वर्षांबरोबर वाढत जाते, आणि लोक नेमकं उलटं समजतात.

३८ टक्के हा आकडाही हवेतला नव्हता. १४ जानेवारी २०२० ला सेन्सेक्स ४१,९५२ वर बंद झाला होता आणि २३ मार्चला २५,९८१ वर, म्हणजे जेमतेम सव्वादोन महिन्यांत एवढी घसरण. तो त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुन्हा जुन्या उंचीच्या वर गेला, हे त्यांनी सांगितलंच. पण लगेच पुढच्या पानावर जपानचा निक्केई ठेवला: डिसेंबर १९८९ ची उंची ओलांडायला त्याला फेब्रुवारी २०२४ उजाडला. बाजार पडला की किती दिवसांत सावरेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही, हे या दोन पानांनी दाखवलं. ‘लाँग टर्ममध्ये सगळं भरून निघतं’ असं छातीठोक सांगणाऱ्यांनी हा अंक जरूर पाहावा.

याचा उपयोग प्रत्यक्षात झाला. आमच्या मशीन शॉपमधल्या एका दादांच्या मुलीला दोन वर्षांनी इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचाय आणि फीची बरीचशी रक्कम शेअर बाजारातल्या फंडात होती. अंक वाचून ते माझ्या टेबलाशी आले, “मॅडम, फी भरायच्या महिन्यात बाजार पडलेला असला तर कॉलेज थांबेल का?” आम्ही बसून हिशेब केला. पहिल्या दोन वर्षांच्या फीएवढे पैसे त्यांनी टप्प्याटप्प्याने काढून मुदत ठेवीत ठेवले. नंतर बाजार चढला तर त्या पैशांवरची वाढ हुकेल, हे त्यांना माहीत आहे. फीची तारीख मात्र पुढे ढकलता येत नाही.

रोजच्या व्यवहारातल्या बारीक गोष्टींसाठीही अंक कामाला आले. एकीने स्टेटमेंट आणून दाखवलं, २,००० कापले आणि गुंतवले १,९९९.९०, दहा पैसे कुठे गेले? ते मुद्रांक शुल्क, खरेदीवर ०.००५ टक्के, जुलै २०२० पासून लागू आहे. दुसऱ्याचा हप्ता ५ तारखेचा आणि पगार ७ तारखेचा. दर महिन्याला हप्ता परत जायचा. फंड कंपनी त्यासाठी दंड घेत नाही, पण त्याची बँक खात्यात पैसे नसल्याचे पैसे कापत होती. तारीख १० केली आणि प्रश्न मिटला. हप्त्याची तारीख निवडताना बाजाराचा अंदाज बांधू नका, पगाराचा दिवस पाहा, हे कॅरोसेलमधलं वाक्य मी आता नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगते.

उणिवाही आहेत. डायरेक्ट प्लॅनला आतापर्यंत एकच ओळ मिळाली आहे. त्याच फंडाचा डायरेक्ट प्लॅन वितरकाशिवाय घेता येतो आणि कमिशन नसल्यामुळे त्याचा वार्षिक खर्च कमी असतो. हा खर्च वेगळा भरावा लागत नाही, रोजच्या एनएव्हीतूनच वजा होतो, म्हणून तो दिसत नाही. कमिशन मिळतं हे उघड सांगणाऱ्यांनी यावर पूर्ण अंक करायला हवा. ज्याला स्वतः फंड निवडता येत नाही त्याला वितरकाची मदत लागतेच, पण त्या मदतीची किंमत काय, हे त्याला कळलं पाहिजे.

दुसरी उणीव कराच्या अंकात. दर बरोबर होते: शेअर बाजारातल्या फंडासाठी २३ जुलै २०२४ पासून एक वर्षाच्या आत विकल्यास नफ्यावर २० टक्के, त्यानंतर विकल्यास आर्थिक वर्षातल्या सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. पण प्रत्येक हप्त्याचं वर्ष वेगळं मोजतात, हे तिथे नव्हतं. एसआयपी तीन वर्षं जुनी असली तरी गेल्या महिन्याचा हप्ता एकाच महिन्याचा असतो. सगळे युनिट एकदम विकले तर शेवटच्या वर्षातल्या हप्त्यांवरच्या नफ्याला चढा कर लागतो, आणि एक्झिट लोड, म्हणजे लवकर पैसे काढल्याचं शुल्क, असेल तर तोही याच हप्त्यांवर. थोडेच विकले तर सर्वांत जुने युनिट आधी विकले जातात, त्यामुळे हा फटका बहुधा बसत नाही. हे लोकांना पैसे काढायच्या आधी कळायला हवं.

अक्षरं लहान पडतात, ही अण्णांची तक्रार. आम्ही कारखान्यात पानं छापून सूचनाफलकावर लावतो, तिथे ती नीट वाचता येतात. पैसे कधी काढायचे आणि किती टप्प्यांत, यावर अंक काढा असं मी गेल्या महिन्यात त्यांना पुन्हा लिहिलंय. तो आला की त्यात हप्त्यांच्या वयाचा हिशेब आहे की नाही, ते इथेच खाली लिहीन.