रूट लोकस: आधी कागदावर की थेट स्क्रीनवर?

लूपचा गेन वाढवत नेला की क्लोज्ड लूपचे पोल कुठून कुठे सरकतात, हे बघायचे दोन मार्ग आहेत. वॉल्टर इव्हान्सने १९४८ साली मांडलेले नियम वापरून कागदावर चित्र काढायचं, किंवा संगणकाला प्रत्येक K साठी समीकरणाची मुळं काढायला लावून ती स्क्रीनवर पाहायची. मी दोन्ही वर्षानुवर्षं वापरतोय. यातलं काय निवडावं असं कुणी विचारलं की मला दर वेळी एकच उदाहरण आठवतं, म्हणून तेच सविस्तर सांगतो.

सरळ रुळावर धावणारी एक छोटी गाडी होती. मोटर बल देते आणि गाडी प्रवेग घेते, म्हणजे प्लँट म्हणजे सरळ 1/s². त्याला लीड कॉम्पेन्सेटर लावला, झिरो −१ वर आणि पोल −१० वर. लूप असा झाला:

```
L(s) = K (s + 1) / ( s² (s + p) ),   p = 10
1 + L = 0   →   s³ + p s² + K s + K = 0
```

मला गाडी जागेवर थांबताना हेलकावे नको होते. तिन्ही पोल रिअल अक्षावर येतील असा एखादा K आहे का, एवढाच प्रश्न होता. ड्राइव्हवर गेन पाच-पाचच्या टप्प्यांनी बदलत असे, म्हणून मी स्क्रीनवरही तेच टप्पे घेतले:

```python
for K in np.arange(5, 101, 5):
    r = np.roots([1, 10, K, K])
    r = r[np.argsort(r.imag)]
```

मुळं काल्पनिक भागाच्या क्रमाने लावायची आणि प्रत्येक रांगेतले बिंदू रेघेने जोडायचे. चित्र सुरेख आलं. −१० वरचा पोल अक्षावरून उजवीकडे चालत −१ च्या झिरोकडे गेला. मूळबिंदूपाशी असलेल्या दोन पोलांची जोडी डावीकडे वळली, अक्षाजवळ आली आणि त्याला न शिवता वर-खाली निघून गेली. मी निष्कर्ष काढला की या p ला जोडी रिअल होतच नाही, तेव्हा पोल आणखी लांब न्यायला हवा. p ११ केला, चित्र तसंच. १२ केला, तेव्हा K = ४० ला वक्र खाली येऊन अक्षाला टेकला. मग १२ कायम केला.

त्याची किंमत मोटरने चुकती केली. या कॉम्पेन्सेटरचा उच्च वारंवारतेचा गेन म्हणजे K च. तो ३२ च्या आसपास ठेवता आला असता, तिथे ४० ठेवावा लागला. सेन्सरचा आवाज तेवढ्याच पटीने मोटरपर्यंत पोचू लागला, आणि गाडी थांबल्यावरही मोटर बारीक गुणगुणत राहायची. तो आवाज मी दोन दिवस वायरिंगमध्ये शोधत होतो.

तिसऱ्या दिवशी कागद घेतला. इव्हान्सचे नेहमीचे नियम तुम्हाला माहीत आहेतच, म्हणून भरभर जातो. रिअल अक्षावर लोकस −१ ते −१० या पट्ट्यात. तीन पोल, एक झिरो, म्हणून दोन असिम्प्टोट, दोन्ही उभे, (−१० + १)/२ म्हणजे −४.५ वरून जाणारे. इथवर कागद आणि स्क्रीन यांच्यात काहीच मतभेद नव्हता. खरं म्हणजे p = ८ घेतला तरी एवढे नियम जवळपास हेच चित्र देतात, फक्त पट्टा −८ पर्यंत येतो आणि असिम्प्टोट −३.५ वर. इथेच थांबलो असतो तर कागदावरही चुकीचंच चित्र काढून उठलो असतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

पुढची पायरी मात्र बहुतेक जण कंटाळून सोडतात: शाखा अक्षावर कुठे भेटतात ते काढणं. K = −s²(s + p)/(s + 1) लिहून s च्या सापेक्ष विकलन शून्य केलं की एक मूळ s = 0 निघतं, तिथूनच जोडी सुटते. उरतं ते एवढंच:

```
2s² + (p + 3)s + 2p = 0
s = [ −(p + 3) ± √( (p − 1)(p − 9) ) ] / 4
```

वर्गमुळाखालचा भाग पाहा. p १ आणि ९ च्या मध्ये असेल तर तो ऋण, म्हणजे अक्षावर दुसरा भेटीचा बिंदूच नाही. ९ च्या पुढे गेलात की दोन बिंदू मिळतात. माझ्या p = १० ला ते −२.५ आणि −४ येतात, आणि त्यांचे गेन अनुक्रमे ३१.२५ आणि ३२. म्हणजे जोडी ३१.२५ ला −२.५ वर अक्षावर उतरते. तिच्यातला एक पोल उजवीकडे झिरोच्या दिशेने निघतो. दुसरा डावीकडे जातो, −१० वरून आलेल्या पोलाला −४ वर गाठतो, आणि ३२ ला ते दोघं मिळून पुन्हा अक्ष सोडतात. मला हवे असलेले तिन्ही रिअल पोल १० लाच उपलब्ध होते, फक्त गेनच्या पाऊण एककाच्या फटीत. K = ३१.६ ठेवून मुळं काढली तर −२.१३, −३.१३ आणि −४.७४ येतात.

माझे टप्पे ३० आणि ३५ होते. ३० ला जोडी −२.२० ± ०.७२j वर आणि रिअल पोल −५.६० वर. ३५ ला जोडी −४.१८ ± १.९५j वर आणि रिअल पोल −१.६५ वर. मधली सगळी हालचाल वगळून स्क्रीनने वरचा बिंदू वरच्याला जोडला आणि रिअल रिअलला. त्या दोन रेघांनी जे चित्र उभं राहिलं, ते p = ८ चं अगदी खरं चित्र आहे! चुकीचं उत्तर वेडंवाकडं दिसलं असतं तर लगेच संशय आला असता. हे दुसऱ्याच एका सिस्टिमचं बरोबर उत्तर होतं, म्हणून डोळ्यांना खटकलंच नाही. १२ ला वक्र टेकला त्याचं कारणही एवढंच की १२ ची फट साधारण ३९.५ ते ४३.८ इतकी रुंद आहे आणि तिच्यात ४० सापडतो. ११ ची ३५.४ ते ३७.६, तिच्यात पाचाचा एकही टप्पा नाही.

इथे स्क्रीनची बाजूही मांडायला हवी. टप्पे मी निवडले होते, मुळं काढणाऱ्या फंक्शनने ती बरोबरच काढली. K ची यादी न देता तयार rlocus वापरलं असतं तर त्याने गेनचे बिंदू गरजेप्रमाणे स्वतः निवडले असते आणि बहुधा ही फट दाखवलीही असती. पण आपण स्वतःची K ची यादी देतोच, कधी ड्राइव्हचे टप्पे असतात म्हणून, कधी दोन चित्रं एकाच प्रमाणात हवी म्हणून. आणि तयार फंक्शनने p = १० चं चित्र बरोबर दाखवलं असतं, तरी सीमा ९ वर आहे हे त्या एका चित्रात कुठे दिसणार? ते कळायला p बदलत वीस चित्रं काढावी लागतात. कागदावर ते वर्गमुळाखाली एका ओळीत दिसलं. माझा कल ठरला तो इथे.

९ वर नेमकं काय होतं तेही बघण्यासारखं आहे. K = २७ ला समीकरण (s + 3)³ = 0 होतं, तिन्ही पोल एकाच जागी. तिथून गेन फक्त १ टक्का वाढवा, रिअल पोल −३ वरून −२.३ च्या आसपास जातो आणि उरलेले दोन अक्ष सोडतात. चित्र दचकवणारं असलं तरी गाडीच्या प्रतिसादात फारसा फरक पडत नाही, कारण समीकरणाचे सहगुणक १ टक्क्यानेच बदललेले असतात. पोल जिथे एकत्र जमतात तिथे त्यांची जागा फार हळवी असते, आणि लोकसचं चित्र, हाताने काढलेलं असो वा संगणकाने, तो हळवेपणा आहे त्यापेक्षा भयंकर दाखवतं. म्हणून अशा जागी मी पोलांवर वाद न घालता स्टेप रिस्पॉन्स काढून बघतो.

कागद कुठे थकतो तेही लगेच कळतं. चार-पाच पोल झाले की भेटीच्या बिंदूचं समीकरणच संगणकाला सोडवायला द्यावं लागतं. लवचीक जोडणीमुळे अक्षाजवळ पोल-झिरोच्या जोड्या आल्या तर सुटण्याचे कोन हाताने मोजण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. शेवटचा K किती ठेवायचा हा आकडाही मी कधी हाताने काढत नाही. ज्यांच्या हातात कायम सहा-सात पोलांची यंत्रं असतात, त्यांनी थेट स्क्रीनकडे जावं, माझी हरकत नाही.

दोन-तीन पोल आणि एखादा झिरो असेल, आणि त्यातली एखादी जागा अजून तुमच्या हातात असेल, तर मात्र मी आधी कागद घेईन. विशेषतः लीडचा पोल कुठे ठेवायचा हे ठरायचं असताना. दहा मिनिटांत भेटीचे बिंदू आणि त्यांचे गेन निघतात. मग तेच गेन स्क्रीनच्या यादीत घालायचे: ३० आणि ३५ च्या मध्ये ३१.२५, ३१.६ आणि ३२. तसं केलं आणि वक्र सरळ अक्षावर उतरला. p परत १० वर आणला, गेन ३१.६ बसावा म्हणून ड्राइव्हच्या टप्प्याऐवजी कॉम्पेन्सेटरच्या आकड्यातच तो घातला, आणि थांबलेल्या गाडीची मोटर गप्प झाली.