एकाच व्याजाचे दोनदा पैसे : माझा बाँडचा अनुभव

मी दारव्हा तालुक्यातला निवृत्त शिक्षक. एफडी सुटली तेव्हा ओळखीचा एक एजंट घरी आला. "गुरुजी, 9 टक्क्यांचा बाँड आहे, दरवर्षी 10 जूनला व्याज." 3 नोव्हेंबरला मी 2 लाख दर्शनी किमतीचे बाँड घेतले. त्याच्या कागदावर शंभरामागे भाव 104.60, म्हणजे 2,09,200 रुपये, आणि त्याखाली 'साठलेले व्याज 7,200'. एकूण 2,16,400. मी त्याच्या फर्मच्या खात्यात भरले.

10 जूनला टीडीएस कापून 16,200 जमा झाले. विवरणात पूर्ण कूपन, म्हणजे वर्षाचं व्याज, 18,000 दिसत होतं. मी खूश होतो.

दिवाळीत नागपूरहून भाची आली. तिने विवरण बाजूला ठेवलं आणि खरेदीचा कागद मागितला. मागचं व्याज 10 जूनला दिलेलं, सौदा 3 नोव्हेंबरचा. मध्ये 146 दिवस. वर्षाचं व्याज 18,000, त्याचे 146 भागिले 365 केले की 7,200. हे बरोबरच होतं. बाँड विकणाऱ्याने तेवढे दिवस तो सांभाळला, म्हणून तेवढं व्याज त्याचं. आपण ते आधी देतो आणि जूनला पूर्ण कूपन आपल्याला मिळतं.

"पण मामाजी, हा भाव कोणता?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

साठलेलं व्याज सोडून असलेला भाव म्हणजे क्लीन प्राइस. ते व्याज मिळवून झालेला भाव म्हणजे डर्टी प्राइस, प्रत्यक्ष द्यायची रक्कम. तिने बाँडचा ISIN हा ओळख क्रमांक टाकून एक्स्चेंजवर त्या दिवशी नोंदलेले सौदे पाहिले. तिथे क्लीन भाव 101 च्या आसपास होता. 101 मध्ये शंभरामागे 3.60 व्याज मिळवलं की बरोबर 104.60. म्हणजे माझ्या भावात व्याज आधीच होतं. "हे व्याज दोनदा लागून राहिलं ना!" ती म्हणाली.

18,000 मधून माझे 7,200 वजा केले तर 219 दिवसांचे 10,800 उरायला हवे होते. माझ्या हातात मात्र टीडीएसआधी 3,600 च उरले. कूपनच्या विवरणात हे कधीच दिसत नाही, कारण कंपनीने तिचं व्याज पूर्ण दिलंच होतं. चोरी खरेदीच्या कागदावर झाली होती. त्या कागदावर मागची व्याज तारीख नव्हती, दिवस नव्हते, क्लीन भाव असा शब्दही नव्हता. मी तो मागायला हवा होता.

एजंट म्हणाला, "बाजारात असंच असते." सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर तक्रार करायला गेलो, तर तिथे नोंदणीकृत संस्थांविरुद्धच तक्रार घेतात आणि त्याच्या फर्मची नोंदणीच नाही. म्हणून ठाण्यात लेखी तक्रार दिली आहे. गावातल्या आणखी दोघांचे कागद आम्ही तपासले. एकाचा बरोबर निघाला. दुसऱ्याच्या कागदावरही भावात व्याज, आणि खाली पुन्हा तेच व्याज.