पणजीच्या चर्चच्या पायऱ्या रिकाम्या करायच्या तर: मीडियन की मास्क?

पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चसमोरच्या नागमोडी पायऱ्या क्वचितच मोकळ्या सापडतात. एकाच जागेवरून बरेच फोटो काढून त्यातून माणसं पुसायची, तर दोन मार्ग आहेत. एकात हिशेब संगणक करतो, दुसऱ्यात तुमचा हात चालतो.

मीडियन पद्धतीत प्रत्येक ठिपक्याच्या सगळ्या फोटोंतल्या किमती चढत्या क्रमाने लावून मधली घेतली जाते. चौकात ट्रायपॉड लावून दर 20 सेकंदांनी एक असे 15 फोटो काढले, तर काम पाच मिनिटांच्या आत होतं. पायरीचा एखादा भाग त्यातल्या 8 फोटोंत रिकामा असला की तिथली माणसं आपोआप जातात. फोटोंची संख्या विषम ठेवा. सम असेल तर मधल्या दोन किमतींची सरासरी निघते आणि कुणीतरी पारदर्शक होऊन मागे उरू शकतं. फोटोशॉपमध्ये हे File > Scripts > Statistics मध्ये Median निवडून होतं. फुकटात हवं तर इमेजमॅजिक आहे:

```
magick *.jpg -evaluate-sequence median out.jpg
```

ही आज्ञा फोटो जुळवून देत नाही, त्यामुळे ट्रायपॉड हललेला चालत नाही. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही मॅन्युअल ठेवा.

मीडियन अडतं ते बसलेल्या माणसांपाशी. मधल्या सपाट जागेवर एक जोडपं 15 पैकी 9 फोटोंत बसून राहिलं, तर मीडियनच्या लेखी ते चर्चचाच भाग. एकामागून एक वेगवेगळी माणसं त्याच जागी आली, तर तिथे मळकट, तुकड्यातुकड्यांचा डाग पडतो. निकाल 100 टक्के मोठा करून कठडे आणि पायऱ्यांच्या कडा तपासा; तो तिथेच सापडतो.

मास्कला बहुमत लागत नाही. ती जागा एकदाच मोकळी सापडली तरी पुरे. कमी गर्दीचा फोटो खाली ठेवायचा, वर दुसऱ्या फोटोचा थर, त्यावर काळा मास्क आणि रिकामी पायरी पांढऱ्या ब्रशने उघडायची. पण मधे ढग सरकला की पांढऱ्या भिंतीवर जोड लगेच उघडा पडतो. तिथे वरच्या थराचा उजेड कर्व्ह्जने खालच्याशी मिळवावाच लागतो. शिवाय प्रत्येक माणसाची सावलीही आठवणीने झाकायची, हे वेळखाऊ आहे.

माझं मत स्पष्ट आहे: येणारी-जाणारी गर्दी असेल तर मीडियन, बसलेली असेल तर मास्क. या पायऱ्यांवर दोन्ही असतात, म्हणून आधी मीडियन करा आणि उरलेले डाग मूळ फोटोंतून मास्कने भरा. आकाश आणि माडाची झावळं मात्र एकाच फोटोतून घ्या, कारण मीडियनमध्ये ती पुसट होतात.