‘आपलं बोलणं झालंय ना’ म्हणणाऱ्याकडून मी फसले, ती गोष्ट

पुस्तकाची आतली पानं मांडून देण्याचं काम मी करते. मजकूर येतो, मी पानं लावते, प्रूफं तपासायला जातात, दुरुस्त्या होतात आणि शेवटी छपाईला जाईल अशी पीडीएफ मी देते. अशाच एका कामात माझी निम्मी रक्कम बुडाली. वर मुखपृष्ठ फुकट गेलं आणि दुरुस्त्यांच्या आणखी तीन फेऱ्याही फुकट झाल्या. समोरचा माणूस गोड बोलणारा होता, एकदाही आवाज चढवला नाही. म्हणूनच हे सविस्तर लिहिते आहे, कारण असा माणूस ओळखू येत नाही.

सगळं फोनवर ठरलं. पंचवीसेक मिनिटं बोललो असू. १८० पानं, निम्मे पैसे आधी, निम्मे काम झाल्यावर, दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या. मी विचारलंसुद्धा होतं, “काम झाल्यावर म्हणजे माझी पीडीएफ मिळाल्यावर ना?” ते म्हणाले, “हो हो, फाइल हातात आली की लगेच.” मी म्हटलं, “एकदा लिहून पाठवू का?” त्यावर ते म्हणाले, “अहो, लिहायचं काय त्यात? आपलं बोलणं झालंय ना.” आणि मला संकोच वाटला. आत्ताच तर ओळख झाली, लगेच लेखी मागितलं तर अविश्वास दाखवल्यासारखं होईल, असं मनात आलं. नेमकी हीच भीड ते वापरत होते, हे मला फार उशिरा कळलं.

आगाऊ रक्कम वेळेवर आली, त्यामुळे मी निर्धास्त झाले. दोन फेऱ्या झाल्या. मग तिसरी आली, चौथी आली. प्रत्येक वेळी फोनच यायचा, “एवढं एक बघा.” मी एखादा प्रश्न मेसेज करून विचारला की उत्तर मेसेजवर कधीच येत नसे, दोन मिनिटांत फोन वाजे. तेव्हा मला ती आपुलकी वाटली होती. पाचव्या फेरीच्या वेळी ते म्हणाले, “मुखपृष्ठाचं काय झालं? ते तर यातच होतं.” ते यात नव्हतं. पण पुस्तक अडकायला नको म्हणून मी तेही करून दिलं.

पीडीएफ गेल्यावर उरलेल्या पैशांचं विचारलं, तर उत्तर आलं, “काम झाल्यावर ठरलं होतं. पुस्तक छापून झाल्याशिवाय काम झालं असं कसं म्हणायचं?” मग छपाई पुढे गेली, पुन्हा पुढे गेली, आणि शेवटी फोन उचलणंच बंद झालं. पुढे याच धंद्यातल्या एका ओळखीच्या माणसाशी बोलताना कळलं की ‘छापून झाल्याशिवाय’ हे वाक्य या गृहस्थांनी त्यांनाही ऐकवलं होतं. म्हणजे ऐकण्यात घोटाळा झाला नव्हता. दोन अर्थ निघतील असा शब्द मोकळा ठेवायचा आणि शेवटी आपल्याला सोयीचा अर्थ काढायचा, ही त्यांची रीतच होती.

माझ्याजवळ काय होतं? माझी वही. त्या दिवशी फोन चालू असताना मी लिहिलं होतं: ‘१८० पानं, निम्मे आधी, २ फेऱ्या, पुढचं नंतर बघू.’ ही वही घेऊन मी एका वकिलांकडे गेले. त्यांनी शांतपणे समजावलं की तोंडी ठरलेलंही सहसा करारच असतं, अडचण येते ती ते सिद्ध करताना. आणि माझी वही म्हणजे फक्त माझी बाजू. मी काय समजले ते त्यात आहे. ते समोरच्यापर्यंत पोचलं होतं आणि त्यांनी ते नाकारलं नाही, असं त्यातून दिसत नाही. भांडण सुरू झाल्यावर मी एक लांबलचक मेसेज पाठवला होता, ‘आपलं असं असं ठरलं होतं’ म्हणून. त्याचंही वजन फारसं नव्हतं, कारण तोवर दोघंही आपापल्या बाजूनं बोलायला लागलेले असतात. तोच मजकूर पहिल्या दिवशी संध्याकाळी गेला असता तर गोष्ट वेगळी होती.

आणखी एक खुपणारी गोष्ट सांगते. ‘पुढचं नंतर बघू’ म्हणजे काय ठरलं होतं, हे मलाच नीट आठवेना. जादा फेरीचे वेगळे पैसे, असं मी ठामपणे सांगत होते, पण तसं फोनवर प्रत्यक्ष बोलले होते की फक्त मनात धरलं होतं? आजही शपथेवर सांगता येणार नाही. चार महिन्यांत आपली आठवणही आपल्याला सोयीच्या बाजूला कलते.

आता मी फोन ठेवला की त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात, मेसेज किंवा ईमेल पाठवते. तो साधारण असा असतो:

‘नमस्कार. आज दुपारी फोनवर आपलं जे बोलणं झालं ते मला असं समजलं आहे. आतल्या १८० पानांची मांडणी मी करायची. मुखपृष्ठ यात धरलेलं नाही. दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या यात आहेत, तिसरीपासून वेगळे पैसे. निम्मी रक्कम सुरुवातीला, उरलेली मी छपाईची पीडीएफ पाठवल्यापासून सात दिवसांत, पुस्तक छापलं गेलं असो वा नसो. मजकूर कोणत्या तारखेला द्यायचा ते अजून ठरलेलं नाही, ते आपण कळवाल. यात काही वेगळं असेल तर सांगा. बरोबर असेल तर तसं उत्तर द्या, म्हणजे काम सुरू करते.’

यात दोन जागा जपायच्या. ‘यात धरलेलं नाही’ हे वाक्य लिहायला जड जातं, पण माझं मुखपृष्ठ तिथेच गेलं. आणि ‘काम झाल्यावर’ असा शब्द आला की थांबायचं. कोणती वस्तू कोणाच्या हातात पडली की काम झालं, ते लिहायचं. जे फोनवर ठरलंच नाही ते हळूच घुसवू नये. ते ‘अजून ठरलेलं नाही’ म्हणूनच लिहावं, नाहीतर आपणही तेच करतो जे माझ्याशी झालं.

गप्प राहणं म्हणजे होकार, असं मी धरत नाही. उत्तर आल्याशिवाय काम सुरू करत नाही. अंगठ्याचं चिन्ह आलं तर पुन्हा विचारते, “म्हणजे सुरू करू ना?” मधेच फोनवर काही बदललं तर त्याच मेसेजला जोडून दोन ओळी पाठवते. याने पैसे मिळतीलच असं नाही. बुडवायचेच ठरवलेला माणूस लेखी होकार देऊनही बुडवतो, आणि मोठ्या व्यवहाराला रीतसर करारपत्रच हवं.

पण पुढच्याच कामात त्या मेसेजला उत्तर आलं, “मी तर मुखपृष्ठ धरलं होतं हो.” बाई अगदी सरळ होत्या, त्यांनी तसंच ऐकलं होतं. आम्ही पुन्हा बोललो, रक्कम बदलली, मी नवीन मेसेज पाठवला, त्यांचा ‘बरोबर’ आला, मग मी पहिलं पान उघडलं. त्यानंतर आणखी एकांचं काम आलं होतं. मेसेज पाठवल्यावर दोन मिनिटांत फोन वाजला. “ते लिहिण्याबिहिण्याचं राहू द्या, आपलं बोलणं झालंय ना.” मी म्हटलं, “झालंय, म्हणूनच तेवढं ‘बरोबर’ लिहून पाठवा.” ते उत्तर आलं नाही, आणि मी काम घेतलं नाही.