भाषणाची संहिता ते शोधनिबंध: त्याच फाइलवर संपादन की यादीवरून नव्याने लेखन?

परिषदेत वाचलेली वीस मिनिटांची संहिता छापील शोधनिबंधात उतरवायची असेल, तर साधारणपणे दोन वाटा समोर असतात. संहितेच्याच फाइलवर ओळीओळीने संपादन करत जाणे ही पहिली, आणि संहिता बाजूला ठेवून, तिच्यातील दाव्यांची यादी काढून त्या यादीवरून निबंध नव्याने लिहिणे ही दुसरी. मी दोन्ही वाटांनी गेलो आहे. सध्या दुसरीकडे माझा कल आहे, पण पहिली टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही.

पहिल्या वाटेने काम झपाट्याने होते. माझी बावीसशे शब्दांची संहिता दोन संध्याकाळींत निबंधासारखी दिसू लागली होती. ‘आता पुढच्या स्लाइडकडे वळू’, ‘मघाशी म्हटलं तसं’ असे शब्दप्रयोग शोधून काढणे सोपे असते, आणि भाषणासाठी बसवलेला मुद्द्यांचा क्रम आयता मिळतो. ‘हा उंचवटा पाहा’ यासारख्या वाक्यांत मात्र बोट दाखवायला पडदा उरत नाही, त्यामुळे तिथे आकृतीचा क्रमांक आणि उंचवटा कशाचा हे लिहावे लागते; तेवढे कष्ट दोन्हीकडे सारखेच.

माझे पारडे फिरले ते एका त्रासामुळे. बोलीभाषेचे वाक्य प्रमाण लेखी भाषेत आणले की ते पूर्ण झाल्यासारखे दिसते, आणि त्याला आधार आहे की नाही हा प्रश्न मनात येतच नाही. माझा विषय ऑनलाइन प्रश्नावलीत किती पर्याय द्यावेत हा होता. भाषणात मी म्हणालो होतो, ‘सगळ्यांना माहीतच आहे, डोक्यात एका वेळी सातच गोष्टी मावतात.’ संपादनात त्याचे ‘अल्पकालीन स्मृतीत एका वेळी सात घटक मावतात’ असे झाले, पुढे कंसात (मिलर, १९५६) आले, आणि मी निर्धास्त मनाने पुढच्या परिच्छेदाकडे गेलो. समीक्षकाने विचारले, ‘मिलर नेमके हेच म्हणतात का?’

मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांचा मूळ निबंध उघडल्यावर खजील होण्याची पाळी आली. तिथे सातला ‘अधिक-उणे दोन’ जोडलेले आहे आणि स्मृतीच्या बाबतीत मोजणी सुट्या घटकांची नसून अर्थाने बांधलेल्या गटांची आहे. शिवाय वेगवेगळ्या प्रयोगांत सातच्या आसपासचा आकडा पुन्हा पुन्हा येतो, तो योगायोग असावा अशी शंका मिलर यांनी शेवटी स्वतःच व्यक्त केली आहे. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ साली ही मर्यादा चारच्या आसपास असल्याचे मांडले, तेही मी वाचलेले नव्हते. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे पडद्यावर दिसणारे पर्याय लक्षात ठेवावेच लागत नाहीत, त्यामुळे हा संदर्भ माझ्या दाव्याला लागूच नव्हता.

यादीच्या पद्धतीत हे घडणे अवघड असते. मी तीन रकाने आखतो: दावा, मूळ स्रोत पानासह, आणि माझी खात्री किती. दुसऱ्या भाषणातून एकतीस दावे निघाले आणि त्यांपैकी बारांच्या पुढे स्रोताचा रकाना कोरा राहिला. कोरा चौकोन डोळ्यांना खुपतो; गुळगुळीत वाक्य खुपत नाही.

तिसऱ्या रकान्याचे महत्त्व मला उशिरा कळले. पहिल्या संहितेत ‘मला वाटतं’ नऊ वेळा होते आणि बोलण्याची लकब समजून मी ते सरसकट काढले. त्यांतील सहा खरोखरच लकबी होत्या. उरलेल्या तीन ठिकाणी मात्र मी प्रामाणिकपणे साशंक होतो. ‘मला वाटतं, म्हणूनच लोक प्रश्नावली अर्धवट सोडतात’ यातील पहिले दोन शब्द जाताच अंदाजाचे कार्यकारणभावात रूपांतर झाले. यादीत मी तिथे ‘अंदाज’ असे लिहिले असते, आणि निबंधात ‘यामुळे लोक प्रश्नावली अर्धवट सोडत असावेत, मात्र आमच्या नोंदींवरून तसे सिद्ध होत नाही’ असे वाक्य आले असते.

दुसऱ्या वाटेचे तोटेही सांगायला हवेत. तिला मला जवळजवळ दहा दिवस लागले, आणि पहिला खर्डा इतका कोरडा झाला की भाषणातील दोन उदाहरणे पुन्हा आत घ्यावी लागली. शिवाय गंमत अशी की मिलर यांचा तो निबंधही मुळात १९५५ साली दिलेले भाषण होते, आणि एक आकडा आपला पिच्छा सोडत नाही ही त्यांची सुरुवातीची तक्रार छापील रूपातही तशीच राहिली. म्हणजे बोलण्याचा सूर ठेवूनही चांगला निबंध होऊ शकतो. पण त्यांनी आकडेवारीचे स्रोत सोडले नव्हते.

संहिता लिहितानाच समासात संदर्भ टिपून ठेवण्याची सवय असेल आणि मुदत चार दिवसांवर आली असेल, तर पहिली वाट बहुधा पुरेशी ठरेल. फक्त भाषेला हात लावण्यापूर्वी संहितेची छापील प्रत घ्यावी आणि स्रोत नसलेल्या प्रत्येक विधानाभोवती लाल वर्तुळ काढावे. माझ्या पहिल्या संहितेवर असे केले असते, तर दुसऱ्याच पानावर तो सातचा आकडा वर्तुळात सापडला असता.